‘भौगोलिक कारणे द्या’ : भूगोल शिकवणाऱ्या आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांस खुले पत्र

राज्यातील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांमधील भूगोल शिक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

माझी नात पेणला शिकते. गेल्या सहामाही परीक्षेत तिला एक प्रश्न होता : ‘भौगोलिक कारणे द्या. लोह-पोलाद उद्योग कोळसा व लोहखनिजाच्या क्षेत्राजवळ केंद्रित झालेला आढळतो.’ तिने पाठ केलेली कारणे लिहिली : कच्चा माल अवजड असतो, तो वाहून नेणे महाग पडते, पाणी भरपूर लागते, मजूर व बाजारपेठ लागते. त्याखाली तिने स्वतःच्या मनाने एक वाक्य घातले : ‘परंतु डोलवीच्या कारखान्याजवळ कोळशाची किंवा लोखंडाची खाण नाही, तरीही तो चालतो.’ या वाक्याखाली लाल शाईने रेघ ओढून ‘विषयाला सोडून’ असा शेरा मिळाला आणि अर्धा गुण गेला. अर्ध्या गुणाची तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. अलिबागला जाताना धरमतरच्या पुलावरून जो कारखाना ती लहानपणापासून पाहत आली, तो पुस्तकातल्या नियमात बसत नाही हे तिला दिसले, आणि आपला प्रश्न इतका अपुरा आहे की हे दिसणे त्याला चूक वाटले, एवढेच मला सांगायचे आहे.

मी भूगोलाचा अभ्यासक नाही. एका पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या भट्टीवर, आणि त्याआधी कच्च्या मालाच्या यार्डात मिळून तेहतीस वर्षे मी नोकरी केली. कारखाना कुठे उभारावा याचा निर्णय माझ्या हातात कधीच नव्हता, पण तो निर्णय बरोबर होता की चूक हे यार्डात रोज कळत असे. त्या अनुभवावरून सांगतो की ‘कच्चा माल अवजड असतो’ हे कारण म्हणून पुरे नाही. कोणता माल एक टन लोखंडामागे किती लागतो, त्यातला किती भाग वाटेत किंवा भट्टीत नाहीसा होतो आणि तो कशावर लादून आणायचा, हा हिशेब मांडल्याखेरीज जागेचे कोडे सुटत नाही. या हिशेबातले आकडे दर पन्नास-शंभर वर्षांनी बदलत गेले आणि त्यांच्यामागोमाग कारखान्यांच्या जागाही बदलल्या.

आजचा हिशेब ढोबळमानाने असा आहे. चांगल्या प्रतीच्या भारतीय लोहखनिजात साठ-बासष्ट टक्के लोखंड असते, म्हणून एक टन लोखंडासाठी सुमारे 1.6 टन खनिज लागते. कोळसा तापवून जो कोक करतात त्यासाठी आणि भट्टीत भुकटी करून फुंकण्यासाठी मिळून पाऊण टनाच्या आसपास कोळसा लागतो. चुनखडी व डोलोमाइट पाव टनाच्या आसपास. म्हणजे अडीच टनांहून अधिक माल आत येतो आणि एक टन धातू बाहेर पडतो. उरलेल्यापैकी तीन-चारशे किलोचा स्लॅग म्हणजे मळी होते आणि बाकीचा बहुतेक भाग वायू होऊन वरून निघून जातो. जो माल वायू किंवा मळी होणार आहे त्याचे भाडे आपण फुकट भरत असतो, आणि कोळशाच्या बाबतीत तर जवळजवळ सगळेच वजन असे फुकटचे असते. कोळशाचे टन पूर्वी किती होते हे पाहिले, की जुने कारखाने कोळशाला का चिकटून बसले ते उमगते. स्कॉटलंडमध्ये 1828 साली नील्सनने भट्टीत थंड हवेऐवजी तापवलेली हवा सोडण्याची युक्ती काढली. त्यापूर्वी क्लाइड येथील भट्ट्यांत एक टन लोखंडाला सुमारे आठ टन कोळसा जळत असे. पाच वर्षांत तो तीन टनांच्या खाली आला. आठ टन कोळसा आणि दोन-तीन टन खनिज असा हिशेब असेल, तर खनिजाने कोळशाकडे चालत जायचे हे उघड आहे. कोळसा तीन टनांवर, पुढे दीडावर आणि आता एकाच्याही खाली आला, तसतशी खनिजाची ओढ वाढत गेली. म्हणून ‘कोळसा व खनिजाजवळ’ असे एका दमात म्हणताना आपण दोन वेगवेगळ्या काळांतली कारणे एकत्र करत असतो.

आपल्याच राज्यातले उदाहरण घेतले तर मुलांना हे अधिक नीट कळेल, आणि ते पुस्तकात सहसा नसते याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. जमशेटजी टाटांचा पोलाद कारखाना आधी चंद्रपुरात व्हायचा होता. 1882 साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. लोहारा गावाजवळ लोखंडाची टेकडी, आणि वरोऱ्याला कोळशाची खाण. नकाशावर याहून सोयीची जोडी शोधूनही सापडली नसती. पण वरोऱ्याचा कोळसा तपासला असता तो भट्टीच्या कामाचा निघाला नाही.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण या एका गोष्टीवर पुढचे सारे अवलंबून आहे. भट्टीला कोळसा लागतो तो नुसता जळण्यासाठी नव्हे. कोळसा हवा न लागू देता तापवला की काही मोजक्या जातींचा कोळसा आधी मऊ होतो, फुगतो आणि मग घट्ट होऊन त्याचा सच्छिद्र पण कणखर असा कोक बनतो. बाकीच्या जातींचा कोळसा कितीही तापवला तरी त्याची भुकटीच होते किंवा तो सुटासुटा राहतो. भट्टीत वरून खनिजाचे आणि कोकचे थर एकावर एक पडत असतात. खालच्या भागात खनिज वितळून जाते आणि वरच्या साऱ्या ओझ्याखाली घन राहून तग धरतो तो एकटा कोकच. त्याच्या फटींमधून खालचा तप्त वायू वर चढतो आणि वितळलेला धातू खाली झिरपतो. कोक हलका निघाला तर तो चुरडतो, चुऱ्याने फटी बुजतात, खालच्या आणि वरच्या दाबातला फरक चढू लागतो आणि भरलेला माल खाली सरकेनासा होतो. याला आम्ही ‘फर्नेस हँग झाली’ म्हणत असू. मग अचानक तो सगळा थर धाडकन खाली बसतो आणि वरच्या झडपांतून धुळीचा लोट उठतो. पाळीवरचे जुने लोक कोकचा तुकडा तुकड्यावर आपटून बघत. खणखणीत आवाज आला तर मान हलवत, बदबद आवाज आला तर कपाळाला आठ्या पडत. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर येई आणि बहुधा तेच सांगे. वरोऱ्याच्या कोळशापासून असा कोक होत नव्हता. ‘कोळशाजवळ’ याचा अर्थ ‘कोक होणाऱ्या कोळशाजवळ’ असा आहे, आणि तसा कोळसा भारतात प्रामुख्याने झरियाच्या पट्ट्यात आहे. विदर्भात कोळसा पुष्कळ असून विजेचे कारखाने आले आणि पोलादाचे तेवढे मोठे कारखाने आले नाहीत, त्याचे पहिले कारण हेच.

तरीही लोहाऱ्याची आशा लगेच सुटली नाही. खाणकामाचे नियम 1899 नंतर सैल झाले, जमशेटजींनी अमेरिकेतून चार्ल्स पेज पेरिन यांना सल्लागार म्हणून निवडले आणि पेरिन यांनी सी. एम. वेल्ड या भूगर्भतज्ज्ञाला पाठवले. दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला यांच्यासह वेल्ड चांद्याच्या जंगलात फिरले आणि त्यांचा निष्कर्ष निघाला की खनिज चांगले आहे पण मोठ्या कारखान्याला वर्षानुवर्षे पुरेल इतके नाही. हा शोध आता थांबवतो आहोत असे सरकारला कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले आणि तिथे वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथल्या भूस्तरीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोहखनिज दाखवलेले त्यांना दिसले. तो नकाशा प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीवर आधारलेला होता. तिथून मंडळी दल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोहोचली. खनिज उत्कृष्ट होते आणि भरपूर होते. पण कोक होणारा कोळसा फार लांब आणि पाण्याची खात्री नाही, म्हणून तीही जागा सोडावी लागली.

त्यानंतर, 1904 च्या फेब्रुवारीत, बोस यांनीच जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसाणीच्या खनिजाकडे लक्ष वेधले. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात वारले, पण शोध पुढे चालू राहिला. शेवटी निवडलेली साकची, म्हणजे आजचे जमशेदपूर, ही जागा नकाशावर मुलांना स्वतः शोधू द्यावी. दक्षिणेला सत्तर-एक किलोमीटरवर गोरुमहिसाणी. उत्तरेला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर झरिया. सुवर्णरेखा आणि खरकाई यांचा संगम शेजारी. बंगाल-नागपूर रेल्वेचे कालिमाटी हे स्टेशन हाकेच्या अंतरावर. आणि कलकत्त्याचे बंदर व बाजारपेठ अडीचशे किलोमीटरवर. यांपैकी खनिज आणि कोळसा अगदी दारात नव्हते. चांद्याला दोन गोष्टी दारात होत्या. साकचीला पाचही गोष्टी बेताच्या अंतरावर होत्या आणि पाचही कामाच्या होत्या. तिथे 2 डिसेंबर 1911 रोजी पहिले लोखंड निघाले. त्या काळी एक टन पोलाद बाजारात पाठवेपर्यंत जळणारा कोळसा खनिजापेक्षा कमी नव्हता, म्हणून कारखाना दोहोंच्या मधे कुठेतरी असणे हेच हिशेबाला धरून होते.

या गोष्टीचे एक शेपूट आहे आणि ते माझ्या फार आवडीचे आहे. टाटांच्या मंडळींनी सोडून दिलेल्या त्याच दल्ली-राजहराच्या खनिजावर पन्नास वर्षांनी, 1955 च्या सोव्हिएत करारानंतर, भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि 1959 च्या फेब्रुवारीत त्याची पहिली भट्टी सुरू झाली. डोंगर तेच, खनिज तेच. बदलले होते ते एवढेच की एक टन धातूमागे कोकचे प्रमाण घटले होते, रेल्वेचे जाळे दाट झाले होते आणि तांदुळा कालव्याचे पाणी उपलब्ध होते. ‘भिलाई खनिजाजवळ का?’ आणि ‘जमशेदपूर भिलाईला का नाही?’ हे दोन प्रश्न शेजारी ठेवले, तर तास कसा रंगतो ते आपणच पाहाल.

आता पाण्याविषयी. मुले लिहितात की पाणी भरपूर लागते. कशाला लागते ते बहुधा लिहीत नाहीत. भट्टीच्या खालच्या भागात तांब्याच्या तोट्या बसवलेल्या असतात, त्यांना ट्यूयर म्हणतात. त्यांतून हजार अंशांहून अधिक तापलेली हवा आत जाते आणि आत दोन हजार अंशांच्या वरची आग असते. तांबे 1085 अंशांना वितळते. ते टिकते याचे कारण त्याच्या पोकळ भिंतींतून पाणी सतत वाहत असते. पाणी काही क्षण थांबले तरी ट्यूयर जळतो. म्हणूनच उंचावर आणीबाणीची टाकी ठेवतात, म्हणजे वीज जाऊन पंप बंद पडले तरी पाणी आपल्या भाराने खाली येत राहते. ट्यूयरला बारीक छिद्र पडले तर पाणी आत गळते, निखाऱ्यावर त्याचा हायड्रोजन होतो आणि वरून निघणाऱ्या वायूत हायड्रोजनचे प्रमाण वाढलेले मीटरवर दिसते. ट्यूयरमागच्या काचेतून डोळा लावून पाहिले तर एरवी सूर्यासारखे लख्ख दिसणारे ठिकाण तिथे मंद, काळवंडलेले दिसते. मग एकेका ट्यूयरचे पाणी कमी करत कोणता गळतो ते शोधायचे. एका उन्हाळ्यात आमच्याकडे नदी इतकी आटली की फिरवून फिरवून वापरलेल्या पाण्यातले क्षार वाढले, नळ्यांत थर धरला आणि महिन्याभरात जितके ट्यूयर बदलले तितके एरवी वर्षात बदलत नसू. पाण्याचा प्रश्न केवळ किती हा नाही, ते बारा महिने मिळते का आणि कसे मिळते हाही आहे. आजचे कारखाने तेच पाणी थंड करून पुन्हा फिरवतात, त्यामुळे एक टन पोलादामागे नव्याने घ्यावे लागणारे पाणी तीन ते पाच हजार लिटरांपर्यंत खाली आले आहे. एकेकाळी नदीला खेटून बसणे ही सक्ती होती. आता लांबून जलवाहिनी आणली तरी भागते.

यावरून समुद्रकाठाविषयीचा एक गैरसमज आधी दूर करतो. उत्तरपत्रिकांत ‘समुद्राचे पाणी मुबलक मिळते म्हणून’ असे लिहिलेले मी वाचले आहे. समुद्राचे पाणी काही ठिकाणी वीजघरातल्या वाफेला थंड करण्यासाठी वापरतात, पण खारे पाणी भट्टीच्या नळ्यांत घालता येत नाही, आणि ज्या पाण्याने कोक विझवायचा किंवा पत्रा लाटायचा ते गोडेच लागते. विशाखापट्टणमचा कारखाना बंगालच्या उपसागराला लागून आहे, तरी त्याचे गोडे पाणी येलेरू जलाशयातून लांबलचक कालव्याने येते.

किनाऱ्याची ओढ पाण्याची नव्हे, जहाजाची आहे. मालगाडीच्या एका पूर्ण रेकमध्ये साधारण चार हजार टनांच्या आत माल मावतो. केपसाइझ म्हणतात त्या जातीचे एक जहाज दीड लाख टनांहून अधिक खनिज किंवा कोळसा आणते. म्हणजे चाळीसेक रेक एका फेरीत. वाहतुकीच्या खर्चाचे दोन भाग असतात : चढवणे-उतरवणे आणि चालवणे. जहाजाच्या बाबतीत चालवण्याचा खर्च टनामागे इतका थोडा पडतो की एक हजार किलोमीटर अधिक-उणे याने फारसे बिघडत नाही, पण चढवण्या-उतरवण्याची एक खेप वाढली की हिशेब बिघडतो. परदेशातून आलेला कोळसा बंदरात उतरवून पुन्हा रेकमध्ये भरून आत न्यायचा, म्हणजे ही जास्तीची खेप आली. भट्टीच जेटीपाशी असेल तर ती वाचते. पुस्तकातले अंतर किलोमीटरमध्ये असते. कारखान्याचे अंतर माल किती वेळा हाताळला यात मोजावे लागते.

हे मोठ्या प्रमाणावर जपानने करून दाखवले. जपानकडे धड खनिज नव्हते आणि चांगला कोकिंग कोळसाही नव्हता. 1950 नंतर टोकियोच्या उपसागरात भर टाकून चिबा येथे कारखाना बांधला गेला, 1953 साली त्याची पहिली भट्टी पेटली आणि पुढे तशा कारखान्यांची रांग लागली. आपल्या वाचकांना हे परके वाटायला नको, कारण त्या भट्ट्यांत गोव्याचे खनिज जात होते. मांडवी आणि झुआरीतून बार्जने मुरगावला यायचे आणि तिथून जपानला जायचे. बैलाडिलाचे खनिजही किरंदुलहून रेल्वेने विशाखापट्टणमला आणि तिथून जपानला गेले. खाण आमच्या अंगणात आणि भट्टी हजारो किलोमीटरवर, तरीही भट्टीवाल्याला ते परवडत होते, याचा अर्थ खाणीच्या जवळ असण्याला जहाजाने मागे टाकले होते.

भारतात याला दुसरे एक कारण जुळले, तेही कोळशाचेच. झरियाच्या कोळशात राख फार. धुतल्यावरही ती सतरा-अठरा टक्क्यांच्या घरात राहते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या कोळशात ती नऊ-दहा टक्के असते. राख भट्टीत जळत नाही. ती वितळवून मळी करावी लागते, त्यासाठी चुनखडी जास्त, ती वितळवायला कोक जास्त, आणि त्या जास्तीच्या कोकमध्ये पुन्हा राख. म्हणून मोठ्या भट्ट्या आयात कोळशावर चालू लागल्या आणि आज देशाला लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा बराच मोठा भाग जहाजाने येतो. कोळसाच दहा हजार किलोमीटरहून लांबून बंदरात उतरणार असेल, तर ‘कोळशाजवळ’ या शब्दाचा अर्थ ‘बंदराजवळ’ असा होतो. नातीच्या वाक्याचे उत्तर इथे आहे : डोलवीजवळ कोळसा आहे, तो धरमतरच्या जेटीवर आहे.

आणि खनिज? तेही पाण्यावरूनच येते. ओडिशाचे खनिज पारादीप बंदरात जहाजात भरून, कन्याकुमारीला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आणले जाते. ज्या खनिजाजवळ कारखाना असायला हवा असे आपण शिकवतो, ते अर्ध्या देशाला प्रदक्षिणा घालून रायगडात येते आणि तरी कारखाना वर्षाला एक कोटी टनांच्या क्षमतेपर्यंत वाढला, कारण पोलादाचे गिऱ्हाईक मुंबई-पुणे-नाशिक पट्ट्यात शेजारीच आहे. पत्र्याची गुंडाळी खनिजासारखी ओतता येत नाही. ती ओरखडा न पडता, वेळेवर, थोडी थोडी पोहोचवावी लागते आणि तिचे भाडे टनामागे जास्त पडते. म्हणून जवळीक कच्च्या मालाऐवजी गिऱ्हाइकाशी ठेवणे अधिक परवडते.

डोलवी ही आदर्श जागा आहे असे मात्र मुलांना सांगू नये. अंबा नदीची खाडी उथळ आहे, केपसाइझ जहाज तिथे शिरू शकत नाही. मोठी जहाजे रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडसारख्या खोल बंदरात उतरवून माल लहान जहाजांनी धरमतरला आणावा लागतो. म्हणजे जी हाताळणीची खेप वाचवायची तीच काही प्रमाणात परत आली. हल्दियाला हीच अडचण अधिक तीव्र आहे, तिथे जहाज आधी दुसऱ्या बंदरात अर्धे रिकामे करून मग हुगळीत शिरते. शिवाय खाडीकाठी भर, कांदळवन, मासेमारी आणि भातखाचरांत घुसणारे खारे पाणी यांचे प्रश्न उभे राहतात, आणि ज्याची शेती गेली त्याच्यासाठी जहाजभाड्याचा हिशेब हा मुद्दाच नसतो.

जुने कारखाने उठून किनाऱ्याला का गेले नाहीत, असेही मुले विचारतात. भट्ट्या, कोक ओव्हन, रेल्वे, वस्ती, कुशल माणसे हे सगळे उभे असताना टनामागे थोडे जास्त भाडे देणे परवडते. नव्याने बांधताना मात्र ते आधीच हिशेबात धरतात. त्याच टाटांनी पुढचा मोठा कारखाना ओडिशात कलिंगनगरला, खनिजाचा पट्टा आणि पारादीप-धामरा बंदरे यांच्या मधे उभारला, हे इथे बोलके आहे. जालन्याचा उल्लेखही करावा, पण एकाच वाक्यात : तिथल्या भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न विजेवर वितळवतात, म्हणून त्यांना कोळशाचे, खनिजाचे आणि समुद्राचे हे सगळे नियम लागू होत नाहीत.

माझी विनंती एका प्रश्नापुरती आहे. ‘कारणे द्या’ऐवजी पुढच्या वेळी असा प्रश्न घालून पाहावा : गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज आहे. कोकिंग कोळसा क्वीन्सलँडहून येणार आहे. पोलादाचे गिऱ्हाईक पुण्याजवळ आहे. एक टन लोखंडाला 1.6 टन खनिज आणि पाऊण टन कोळसा लागतो. भट्टी सुरजागडजवळ, रायगडच्या किनाऱ्यावर की मधे कुठे बांधाल, आणि कोणता आकडा बदलला तर तुमचे उत्तर बदलेल? मी हा प्रश्न नातीला घातला. तिने भट्टी गडचिरोलीत ठेवली, कारण जास्त टन खनिजाचे आहेत. मग पोलादही परत पुण्याला आणायचे आहे हे लक्षात आल्यावर ती थांबली, आणि रिकाम्या परतणाऱ्या वॅगनमधून काही नेता येईल का, असे तिने मला विचारले. खनिज घेऊन कोकणात उतरलेल्या गाड्या परतताना कोळसा घेऊन गेल्या तर दोन्ही ठिकाणी भट्ट्या चालतील का, हे ती अजून वहीत मांडून बघते आहे.

आपला,
पेण, जि. रायगड येथील एक निवृत्त ब्लास्ट फर्नेस कर्मचारी